‘तो फुटला’ म्हणजे नक्की काय फुटले? अर्जातले मोघम ‘तो, ते, त्याचे, यामुळे’ शोधून काढण्याची रीत

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या लोकांचे मराठी अर्ज मी बरीच वर्षे टाइप करून देतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून कोणाचे काम अडलेले मी अजून पाहिलेले नाही. ‘तो’, ‘ते’, ‘त्याचे’, ‘यामुळे’ असल्या चिमुकल्या शब्दांनी मात्र कामे अडवली आहेत, आणि एक काम तर माझ्याच हातून अडले. तो फसलेला अर्ज खाली देतो. पत्ते आणि नंबर काढले आहेत, बाकी शब्द तसेच ठेवले आहेत.

> आमच्या व शेजाऱ्यांच्या शेताच्या मधून नाला जातो. त्याला लागून बांध आहे. गेल्या जुलैमध्ये तो फुटला व त्याचे पाणी आमच्या भातात शिरले. त्यांनी ते अजून दुरुस्त केलेले नाही. थोरल्या भावाने शेजाऱ्यांना सांगितले असता त्यांनी ते मान्य केले नाही. यामुळे आमचे नुकसान झाले आहे. तरी त्याची पाहणी करून ते मिळावे व हे पुन्हा होऊ नये यासाठी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.

अर्जदाराला दुरुस्ती हवी होती बांधाची. वाचणाऱ्याने ‘नाला फुटला’ असे धरले आणि उन्हाळ्यात नाल्यातला गाळ निघाला. अर्जदार पुन्हा दुकानात आला आणि म्हणाला, “मास्तर, नाला झक्क झाला. बांध हाय तसाच हाय की.” मी प्रत काढून पाहिली. ‘बांध’ हा शब्द सगळ्या अर्जात एकदाच आला होता. फुटल्याच्या वाक्यात होता नुसता ‘तो’.

तेव्हापासून कुठलाही अर्ज छापण्याआधी मी पुढची रीत वापरतो. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक लोक थेट तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करतात, आणि मग आपलेच लिखाण आपल्याला स्वच्छ दिसते.

## तयारी

पहिला खर्डा मनमोकळा लिहा. लिहितानाच प्रत्येक ‘ते’वर अडून बसलात तर अर्ज पुरा होणार नाही. दुरुस्ती नंतर करायची आहे.

खर्डा कागदावर घ्या, दोन ओळींत बोटभर जागा सोडून. मोबाइलवर तपासू नका. मागचे वाक्य वर सरकून दिसेनासे होते, आणि आपले सगळे काम मागच्या वाक्याशीच आहे. एक पेन्सिल आणि एक कोरा कागद जवळ ठेवा.

जमले तर दुसऱ्या कोणाचा अर्ज तुम्ही तपासा आणि तुमचा त्यांना द्या. ज्याने शेत डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला ‘तो’ वाचताच बांध दिसतो. तसा तो माझ्या गिऱ्हाइकालाही दिसला आणि त्याचे ऐकता ऐकता मलाही दिसला.

## टप्पा १ : नावांची यादी तीन रकान्यांत

कोऱ्या कागदावर ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ असे तीन रकाने आखा. अर्जात आलेली प्रत्येक वस्तू तिच्या लिंगाच्या रकान्यात टाका. माणसांची यादी वेगळी करा, ती पाचव्या टप्प्यात लागेल.

वरच्या अर्जाची यादी अशी निघते. ‘तो’मध्ये नाला, बांध. ‘ते’मध्ये शेत, पाणी, भात, नुकसान. ‘ती’मध्ये शेतातली एकही वस्तू नाही, फक्त पाहणी, कारवाई आणि विनंती. माणसे तीन : आम्ही, शेजारी, थोरला भाऊ.

यादी पाहिल्याबरोबर धोका कुठे आहे ते कळते. ‘तो’च्या रकान्यात दोन वस्तू आहेत, म्हणजे अर्जातला प्रत्येक ‘तो’ संशयित. ‘ते’च्या रकान्यात चार आहेत, म्हणजे ‘ते’ तर वापरूच नये. नाल्याच्या जागी विहीर असती तर ‘ती’ आणि ‘तो’ वेगळे पडले असते आणि निदान मराठीपुरता गोंधळ टळला असता.

लिंग ठरवताना भाताची गंमत ध्यानात ठेवा. शेतात उभे असते ते भात, ताटात वाढतात तो भात. अर्जात पीक आहे, म्हणून ‘ते’.

सावध : एकाच नावाच्या दोन वस्तू असतील तर यादीत दोनदा लिहा. वरच्या अर्जात शेते दोन आहेत, पण मजकुरात ‘शेताच्या’ असे एकवचन आहे. जणू दोघांचे मिळून एकच शेत.

## टप्पा २ : सगळ्यांना गोल करा, लपलेल्यांनाही

आता खर्ड्यावर पेन्सिलने गोल करत जा. ‘तो, ती, ते, हा, ही, हे’ सगळ्यांच्या नजरेस पडतात. निसटतात ते विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलेले : त्याचे, त्याला, यामुळे, त्यामुळे, याबाबत, त्यासाठी, त्यातील, त्यापैकी. आणखी लपलेले म्हणजे ‘तिथे’, ‘तेव्हा’, ‘तसे’, ‘असे’. हेही मागच्या कशाकडे तरी बोट दाखवतात, म्हणून त्यांनाही गोल.

ज्यांच्या लगेच पुढे त्याच वस्तूचे नाव आहे त्यांना गोल नको. ‘हा बांध’, ‘त्या शेतात’ यांत काय ते उघड आहे. ‘ही विनंती’ आणि ‘योग्य ती कारवाई’ हेही सोडा. ‘जो येईल तो’ अशी जोडी असेल तर तीही सोडा.

तपासणी : गोल मोजा. आमच्या अर्जात सात वाक्यांत बारा निघाले : त्याला, तो, त्याचे, त्यांनी, ते, त्यांनी, ते, यामुळे, त्याची, ते, हे, यासाठी. पहिले वाक्य सोडले तर एकही वाक्य कोरे नाही. तुमची मोजणी दुसऱ्या वाचनात वाढली तर काहीतरी निसटले होते, तिसऱ्यांदा पाहा.

## टप्पा ३ : प्रत्येक गोलाशेजारी एक नाव लिहा

खरे काम या टप्प्यात आहे, घाई करू नका. प्रत्येक गोलाच्या वर, सोडलेल्या जागेत, तो शब्द ज्या नावाबद्दल आहे ते नाव लिहा. अटी दोन. नाव कागदावरच्या मजकुरात आधी आलेले असले पाहिजे, डोक्यातले चालणार नाही. आणि लिहून झाल्यावर यादीच्या त्याच रकान्यातले दुसरे नाव तिथे बसवून पाहायचे. दुसरेही बसले तर गोलावर फुली मारा.

‘त्याला लागून बांध आहे.’ आपण लिहितो : नाला. पण मागच्या वाक्यात शेतही आहे, आणि ‘शेताला लागून बांध’ हे तर अगदी रोजचे बोलणे. शेत ‘ते’ आणि नाला ‘तो’ असूनही दोन्ही इथे बसतात, कारण विभक्तीचा प्रत्यय लागला की ‘तो’ आणि ‘ते’ यांतला फरक उरत नाही. ‘तो’चेही ‘त्याला’, ‘ते’चेही ‘त्याला’. वेगळी राहते फक्त ‘ती’, तिचे ‘तिला’ होते. अनेकवचनात तर तिन्ही लिंगांचे एकच ‘त्यांना’. म्हणून ‘त्याला, त्याचे, त्याने, त्यात’ तपासताना ‘तो’ आणि ‘ते’ हे दोन रकाने एकच समजा. आमच्या अर्जात मग त्या एका रकान्यात सहा नावे होतात.

‘तो फुटला व त्याचे पाणी आमच्या भातात शिरले.’ हाच तो घोळ. ‘तो’च्या जागी बांध बसतो. नालाही बसतो, कारण नाला फुटला असे आपण बोलतोच. आता पुढचा ‘त्याचे’ पाहा. पाणी बांधाचे नसते, नाल्याचे असते. म्हणजे ‘त्याचे’ या शब्दाचे नाव नाला ठरले. एका वाक्यात जवळजवळ आलेले ‘तो’ आणि ‘त्याचे’ वाचणारा एकाच वस्तूचे धरतो, आणि त्याने तसेच धरावे. दुसरा शब्द नाल्याचा निघाला, म्हणून त्याने पहिलाही नाल्याचा मानला. पाहणीला आलेल्या माणसाला मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. पण त्याने मजकूर बरोबर वाचला होता, मीच तो चुकीचा लिहिला होता.

दोन वेगळ्या वस्तूंसाठी एका वाक्यात दोन सर्वनामे वापरू नयेत, ही खूणगाठ मी तेव्हा बांधली. ‘बांध फुटला व त्याचे पाणी’ असे केले तरी भागत नाही, मग पाणी बांधाचे होते. ‘बांध फुटला व नाल्याचे पाणी’ असेच लिहावे लागते.

‘त्यांनी ते अजून दुरुस्त केलेले नाही.’ दुरुस्त करायचा तो बांध. मग ‘ते’ कुठून आले? बोलण्यातून. शेताच्या कडेला उभे राहून आपण हात करतो आणि म्हणतो, “ते दुरुस्त करायला पायजे की.” हात बांधाकडे असतो, त्यामुळे लिंगाकडे कोणी पाहत नाही. कागदावर हात नसतो. तिथे ‘ते’ शेत, पाणी, भात किंवा नुकसान यांपैकी एखाद्याकडे जाते आणि बांधाकडे तर व्याकरणानेच जात नाही.

‘त्याची पाहणी करून ते मिळावे.’ ‘ते’च्या जागी यादीतले नाव घालून वाचा : नुकसान मिळावे. आमच्या अर्जदाराने सरकारकडे नुकसान मागितले होते! हवी होती नुकसानभरपाई, आणि हा शब्द अर्जात एकदाही आलेला नाही. शिवाय भरपाई ‘ती’ आहे. ‘त्याची पाहणी’मध्ये बांध, नाला, भात, नुकसान असे काहीही बसते, आणि त्यांतले जे सोपे तेच पाहून माणूस परत जाईल.

सावध : फुली मारलेल्या जागी लगेच नाव लिहून मोकळे होऊ नका. आधी सगळे गोल संपवा. काही गोलांना नावच मिळणार नाही, ते पुढच्या टप्प्यात जातात.

## टप्पा ४ : नाव न मिळालेले ‘हे’, ‘ते’ आणि ‘यामुळे’

शेजारी लिहायला एका शब्दाचे नाव सापडत नाही, तेव्हा तो शब्द वस्तूकडे नव्हे तर मागच्या अख्ख्या घटनेकडे बोट दाखवत असतो. ‘यामुळे आमचे नुकसान झाले’ घ्या. कशामुळे? बांध फुटल्यामुळे, पाणी शिरल्यामुळे, दुरुस्ती न केल्यामुळे की शेजाऱ्यांनी मान्य न केल्यामुळे? चारही अर्थ लागतात, आणि अर्जात चारांचे परिणाम वेगळे. बांध पावसाने फुटला असेल तर मागणी भरपाईची आहे. नकारामुळे नुकसान झाले असेल तर तक्रार शेजाऱ्याविरुद्ध आहे, म्हणजे कागद वेगळ्याच वाटेला लागतो.

‘यामुळे’ला सगळ्यात जवळचे वाक्य चिकटते, हा वाचण्याचा साधा नियम आहे. आमच्या अर्जात जवळचे वाक्य नकाराचे होते. आम्हाला सांगायचे होते फुटण्याचे, आणि ते तीन वाक्ये मागे राहिले होते.

इलाज मराठीत अगदी सोपा आहे : क्रियापदच उचलून ‘यामुळे’च्या जागी बसवा. ‘बांध फुटल्यामुळे’, ‘दुरुस्ती न झाल्यामुळे’, ‘खर्च नाकारल्याने’. त्यासाठी जड नाव शोधायला नको. ‘हे पुन्हा होऊ नये यासाठी’च्या जागी ‘बांध पुन्हा फुटू नये म्हणून’.

सावध : ‘या बाबीमुळे’, ‘सदर गोष्टीमुळे’, ‘उपरोक्त प्रकरणी’ असे लिहून काम झाले असे वाटते. झालेले काही नसते, ‘यामुळे’लाच कोट घातलेला असतो. कोणती बाब, हा प्रश्न तसाच राहतो. ‘सदर’ माझ्या दुकानात सगळ्यात जास्त मागितला जाणारा शब्द आहे, कारण त्याने अर्ज वजनदार दिसतो. अर्जात एकच जमीन असेल तर ‘सदर जमीन’ खुशाल लिहा. दोन असतील तर सर्व्हे नंबर लिहा.

आता ‘त्यांनी ते मान्य केले नाही’ पाहू. इथे क्रियापद उचलायला गेलो तर सापडतच नाही. भावाने ‘सांगितले’ एवढेच आहे, काय सांगितले ते नाही. मी अर्जदाराला विचारले तेव्हा कळले की बांध दोघांचा सामाईक, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा करायचा असे भावाने सांगितले आणि शेजाऱ्यांनी नकार दिला. अर्जाचा निम्मा जीव या एका माहितीत होता आणि ती ‘ते’ या एका अक्षरामागे बसली होती. नाव मिळाले नाही आणि क्रियापदही मिळाले नाही, तर समजा की मजकुरात माहितीच कमी आहे. तेव्हा शब्द बदलू नका, अर्जदाराला विचारा.

## टप्पा ५ : माणसांचे ‘त्यांनी’

हा टप्पा लवकर आटोपतो, पण सोडू नका. ‘त्यांनी’ या शब्दातून एक मोठा माणूस, एक मोठी बाई किंवा दहाजण यांतले काहीही निघू शकते. ‘ते गेले’, ‘त्या गेल्या’ यांत निदान पुरुष की बाई ते कळते. ‘त्यांनी’ आले की क्रियापद कर्त्याचे ऐकत नाही, कर्माचे ऐकते : त्यांनी विहीर बांधली, त्यांनी बांध बांधला. कर्त्याचा पत्ता वाक्यात कुठेच उरत नाही.

आमच्या अर्जात ‘त्यांनी’ दोनदा आहे. थोरल्या भावाला आपण आदराने ‘ते’ म्हणतो, शेजाऱ्यांनाही. ‘भावाने सांगितले असता त्यांनी मान्य केले नाही’ यात सांगणारा आणि न मानणारा वेगळे आहेत हे अर्थावरून कळते. पण सासऱ्यांनी मेहुण्यांना जमीन दिली आणि त्यांनी ती विकली, असे वाक्य आले की संपले.

प्रत्येक माणसाला एक नाव द्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘शेजारी’ म्हटले की शेजारीच. पुढच्या वाक्यात ‘समोरचे’, मग ‘सदर इसम’, मग ‘विरुद्ध पार्टी’ असे केले की वाचणारा चार माणसे मोजतो. एक शब्द पुन्हा पुन्हा नको, हे शाळेतल्या निबंधाला ठीक आहे, अर्जाला नाही.

सावध : सर्वनाम गाळून टाकणे हा इलाज नव्हे. ‘सांगितले असता मान्य केले नाही’ हे मराठीत शुद्ध आहे, म्हणूनच फसवे. कर्ता नाहीसा झाला तरी वाक्य उभे राहते.

आणि ‘आपल्या’ जपून वापरा. अर्जात ‘आपल्या कार्यालयात’ म्हणजे साहेबांच्या कार्यालयात. मग खाली ‘आपल्या शेतातील बांध’ लिहिले की शेतही साहेबांचे होते. अर्जदाराचे असेल तिथे ‘माझ्या’ किंवा ‘आमच्या’.

## टप्पा ६ : ‘अदु’ घालून वाचा

मराठीत अर्ज देता येतो. संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. पण आमच्याकडे अर्ज वाचणारा पुष्कळदा कन्नडमध्ये टिपण लिहितो, आणि मराठी येत असले तरी मनात अर्थ कन्नडमध्ये लावतो.

कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना तो-ती-ते असा भेद नाही. बांध, विहीर, शेत, नाला सगळ्यांना एकच ‘अदु’. ‘त्याचे’ आणि ‘तिचे’ दोन्हींचे ‘अदर’. माणसांत आदरार्थी ‘अवरु’ म्हणजे तो मोठा माणूस, ती मोठी बाई किंवा अनेक माणसे. म्हणजे मराठीत लिंगाने जे सावरले जाते, ते कन्नड टिपणात सुटून जाते.

एक उदाहरण घ्या : ‘शेतात विहीर व बांध आहे. ती ढासळली आहे.’ मराठीत यात खोट काढता येणार नाही, ढासळली ती विहीरच. टिपणात ‘अदु’ झाले की बांधही ढासळू शकतो, आणि बांध ढासळणे तर जास्तच नेहमीचे. माझे कितीतरी ‘शुद्ध’ अर्ज याच टप्प्यावर नापास झाले.

म्हणून तिसऱ्या टप्प्यात पास झालेले गोलही आता पुन्हा पाहा. मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ‘तो, ती, ते’च्या जागी ‘अदु’, ‘त्याचे, तिचे’च्या जागी ‘अदर’, ‘त्यांनी’च्या जागी ‘अवरु’ म्हणा. कन्नड येत नसेल तर ‘ती वस्तू’, ‘त्या वस्तूचे’, ‘त्या लोकांनी’ असे वाचा, परिणाम तोच. वाचताना क्षणभरही थबकलात तर तिथे नाव लिहा.

तपासणी : मागच्या वाक्यात दोन निर्जीव वस्तू आल्या असतील तर पुढच्या वाक्यात एकाही वस्तूसाठी सर्वनाम नसावे, मग लिंगे वेगळी असोत वा एक.

## टप्पा ७ : आकड्यांजवळचे ‘त्यातील’

क्षेत्र, रक्कम, हिस्सा असे काही अर्जात असेल तरच हा टप्पा. ‘एकूण ३ एकर जमीन असून तिघा भावांचे समान हिस्से आहेत. त्यातील २० गुंठे पडीक आहेत.’ ‘त्यातील’ म्हणजे कशातील? एकूण जमिनीतील असतील तर १२० गुंठ्यांपैकी २०, म्हणजे सहावा भाग. अर्जदाराच्या एका एकराच्या हिश्श्यातील असतील तर ४० पैकी २०, म्हणजे निम्मी जमीन. पीकनुकसानीच्या अर्जात या दोहोंत फार फरक पडतो. आकड्याआधी ‘त्यातील’ किंवा ‘त्यापैकी’ दिसले की न विचारता नाव लिहा : ‘माझ्या १ एकर हिश्श्यातील २० गुंठे’.

## सगळे टप्पे झाल्यावर तोच अर्ज

> आमच्या व शेजाऱ्यांच्या शेतांच्या मधून नाला जातो. नाल्याच्या आमच्या बाजूला सामाईक बांध आहे. गेल्या जुलैमध्ये हा बांध फुटला व नाल्याचे पाणी आमच्या भातात शिरले. बांध अजून दुरुस्त झालेला नाही. दुरुस्तीचा निम्मा खर्च शेजाऱ्यांनी द्यावा असे माझ्या थोरल्या भावाने सांगितले. शेजाऱ्यांनी खर्च देण्यास नकार दिला. बांध फुटल्यामुळे आमच्या भाताचे नुकसान झाले आहे. तरी फुटलेल्या बांधाची व भाताच्या नुकसानीची पाहणी करावी, नुकसानभरपाई मिळावी आणि बांध पुन्हा फुटू नये म्हणून येत्या पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीबाबत योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.

‘बांध’ आता सहा वेळा आला आहे. वाचायला थोडे खडबडीत लागते, लागू दे. ‘शेजाऱ्यांनी खर्च देण्यास नकार दिला’ इथे ‘त्यांनी’ चालले असते का, असा प्रश्न मला एका शिक्षकाने विचारला होता. मराठी वाचणाऱ्यासाठी चालले असते. ‘अवरु’ म्हणून वाचले तर भावानेच नकार दिला असेही वाटू शकते, म्हणून मी ठेवले नाही.

याचा अर्थ सगळी सर्वनामे हद्दपार करा असा नाही. ‘विहीर जुनी आहे आणि तिला कठडा नाही’ यात विहिरीशिवाय वाक्यात वस्तूच नाही, तिथे ‘विहिरीला’ लिहिणे हट्टाचे होईल. एकच वस्तू, तीही त्याच वाक्यात, एवढे असेल तर ‘तो-ती-ते’ राहू द्या. पाहुण्याला पत्र लिहीत असाल तर आणखी सैल सोडा, न कळल्यास तो फोन करून विचारेल. कचेरीतला टेबलावरचा माणूस फोन करत नाही.

## शेवटची तपासणी : नकाशा

अर्ज ज्याने शेत पाहिलेले नाही अशा कोणाला तरी एकदाच वाचून दाखवा आणि कोऱ्या कागदावर नकाशा काढायला सांगा. काय फुटले तिथे फुली, पाणी कुठून कुठे गेले तिथे बाण. मधे काही समजावून सांगू नका.

माझ्या दुकानात झेरॉक्स काढणाऱ्या पोराला मी दोन्ही अर्ज वाचून दाखवले. पहिल्याला त्याने नाल्याच्या मधोमध फुली मारली आणि बाण दोन्ही शेतांत काढले. बांध कुठे, म्हणून विचारले तर “लागून हाय म्हणालास, कशाला लागून ते कुठं सांगितलास?” म्हणाला. दुसऱ्याला त्याने नाल्याच्या अलीकडे जाड रेघ ओढली, रेघ मधे तोडली, तिथे फुली मारली आणि एकच बाण भातात नेला.

तो नकाशा मी अर्जाला टाचून दिला.